स्कॅनलन वाचताना बेरीज कुठून घुसते

एम.ए.ला नीतिशास्त्र घेतलं असेल तर उपयुक्ततावाद आणि कांट तुम्हाला येतात असं धरतो. टी. एम. स्कॅनलनच्या १९९८च्या पुस्तकातली कसोटी पाठही असेल: एखाद्या कृतीला मुभा देणारं कोणतंही तत्त्व कुणीतरी वाजवीपणे नाकारू शकत असेल, तर ती कृती चूक. वाक्य सोपं आहे. वापरताना बहुतेकांचा पाय घसरतो, माझाही बरेच महिने घसरत होता.

स्कॅनलनचंच उदाहरण घ्या. टीव्ही केंद्राच्या ट्रान्समीटरच्या खोलीत जोन्सच्या हातावर यंत्र पडलंय. हात चिरडलाय, विजेचे भयंकर झटके बसताहेत. सोडवायचं तर प्रक्षेपण पंधरा मिनिटं बंद ठेवावं लागेल; विश्वचषकाचा सामना संपायला अजून तास आहे. थांबलो तर इजा वाढणार नाही, पण तासभर यातना होतील.

इथे ‘एक माणूस विरुद्ध कोट्यवधी प्रेक्षक’ असं लिहिलंत की पेपर हातचा गेला. ‘तरी जोन्सचं दुःख जास्त भरतं’ असा निष्कर्ष काढलात तरी पद्धत उपयुक्ततावादाचीच राहते. ओळखायची खूण अशी: प्रेक्षक दहापट करा. मन डळमळलं, तर तुम्ही बेरीज करताय.

‘लोक बघत असतील तर थांबावं’ या तत्त्वावर जोन्सचा आक्षेप तासभराच्या यातनांचा. ‘लगेच सोडवावं’ यावर प्रेक्षकाचा आक्षेप पंधरा मिनिटं हुकल्याचा. एकेका माणसाचा आक्षेप समोरासमोर ठेवायचा. प्रेक्षकांची मोट बांधायची नाही, कारण ती मोट म्हणजे आक्षेप घेणारा कुणी माणूस नव्हे. आणि एखादा हट्टी चाहता ‘मला मान्यच नाही’ म्हणाला तर? म्हणू दे. त्याच्या नकाराला वजन नाही, नकारामागच्या कारणाला आहे.

गाइडमध्ये एक शॉर्टकट सापडेल: ‘आपण कुणाच्या जागी असू हे ठाऊक नाही असं समजून निवडा.’ माझ्या मते ती पानं फाडून टाकावीत. जोन्स असण्याची शक्यता कोटीत एक असेल, तर हिशेबी माणूस सामनाच निवडेल. बेरीज मागच्या दाराने परत आली!

फार घाबरू नका, आकड्यांना पूर्ण बंदी नाही. एकाला किंवा दोघांना मरणातून वाचवायचं असेल, तर आक्षेप तुल्यबळ असतात आणि दुसऱ्या जिवाने पारडं झुकतं, असं स्कॅनलन म्हणतो. टीकाकारांना हे पटत नाही. तुम्हालाही पटायलाच हवं असं नाही.

खरा अवघड प्रश्न पुढे आहे. प्रक्षेपणाचा मनोराच उभारताना काही कामगार जखमी होणार हे ठाऊक असतं, तरी तो उभारायला आपली हरकत नसते. जखमी कामगाराचा आक्षेप जोन्सइतकाच मोठा असू शकतो. स्कॅनलनचं उत्तर खबरदारीभोवती फिरतं: धोका असलेलं प्रत्येक काम बंद करणारं तत्त्व सगळ्यांनाच फार जड जाईल, म्हणून पुरेशी काळजी घेऊन काम करण्याची मुभा वाजवीपणे नाकारता येत नाही. ‘पुरेशी’ म्हणजे किती, इथे मात्र परीक्षकाला तुमचं स्वतःचं मत हवं असतं.