खोली भाड्याने देण्याचे पत्रक: भाडे सगळ्यात वर लिहा

पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना खोली द्यायची, तर पत्रक लागते मेसच्या दारात, अभ्यासिकेत आणि झेरॉक्सच्या दुकानात. जेवायला रांगेत उभा असलेला मुलगा ते चार-पाच फुटांवरून वाचतो. 'हवेशीर, शांत वातावरण' ही ओळ सगळ्यात वर टाका, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका. खोली परवडते का, हे त्याला आधी कळायला हवे.

खरी अडचण भाड्याच्या ओळीतच असते. पहिल्या वर्षी मी ठळक अक्षरांत 'भाडे ४,५०० रुपये' एवढेच लिहिले. मला म्हणायचे होते एका कॉटचे भाडे. वाचणाऱ्यांनी धरले अख्ख्या खोलीचे. आठवडाभर फोन येत राहिले, आणि प्रत्येक जण 'मग तसं लिहायचं ना!' म्हणून फोन ठेवत होता. चूक माझी होती. भाड्याच्या आकड्याला तीन गोष्टी चिकटलेल्या हव्यात: कशाचे भाडे, डिपॉझिट किती आणि वरून काय द्यावे लागेल. आता मी असे लिहितो:

कॉट बेसिस: एका मुलाला महिना ४,५०० रुपये
खोलीत दोघे. डिपॉझिट ९,००० रुपये, परत मिळेल.
पाणी भाड्यातच. लाईट बिल मीटरप्रमाणे, दोघांत निम्मे.

पहिली ओळ सर्वांत मोठी, बाकीच्या दोन तिच्या निम्म्या आकाराच्या. 'भाडे फोनवर सांगू' कधीच लिहू नका. भाडे लपवले की लोकांना ते जास्तच असणार असे वाटते आणि परवडणारा माणूसही फोन करत नाही.

भाड्याखाली फोटो, तोही एकच. झेरॉक्समध्ये अंधारा फोटो काळा ठिक्कर पडतो. सकाळी खिडकी उघडून, खिडकीकडे पाठ करून काढा, कॉट आणि टेबल दोन्ही दिसू द्या. आधी एकच प्रत काढून बघा. टेबल ओळखू येत नसेल तर फोटो गाळून 'खोली १० बाय १२ फूट' असे लिहा.

सोयींत चारच गोष्टी घाला: संडास-बाथरूम स्वतंत्र की सामाईक, पाण्याची वेळ, वाय-फाय, रात्री दार किती वाजता बंद होते. शेवटची गोष्ट लपवली तर खोली बघायला आलेला मुलगा ती ऐकून परत जातो.

संपर्क तळाशी. नंबर एकदा ठळक, आणि खाली उभ्या कापलेल्या आठ-दहा चिठ्ठ्यांवर पुन्हा. प्रत्येक चिठ्ठीवर नंबराशेजारी 'कॉट, ४,५००, सदाशिव पेठ' लिहा, कारण खिशात अशा तीन चिठ्ठ्या जमल्या की कोणती कुठली ते आठवत नाही. फोन करायची वेळही द्या.

दोन दिवसांनी फेरी मारा. चिठ्ठ्या फाटल्या आहेत आणि फोन मात्र नाही, तर आधी छापलेला नंबर स्वतः लावून बघा. एकही चिठ्ठी फाटली नसेल तर पत्रक त्याच भिंतीवर ठेवून भाड्याची ओळ मोठी करा.