‘अँड’च्या आधीचा स्वल्पविराम : या चुका टाळा

इंग्रजीत पत्र, अहवाल किंवा प्रबंध लिहिणाऱ्याला एक शंका हमखास येते. ‘राइस, लेंटिल्स अँड ऑइल’ अशी यादी लिहिताना ‘लेंटिल्स’नंतर, म्हणजे ‘अँड’च्या अगदी आधी, स्वल्पविराम दिला नाही तर वाक्य चुकते का? याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तो दिला तरीही वाक्य चुकत नाही. इंग्रजीच्या व्याकरणाने हा स्वल्पविराम सक्तीचा केलेला नाही आणि वर्ज्यही ठरवलेला नाही. तो द्यायचा की नाही हे प्रकाशनसंस्था, वृत्तपत्र, विद्यापीठ किंवा कार्यालय आपापल्या लेखनपद्धतीनुसार ठरवते. तरीही या एका चिन्हावरून नेमक्या चुका होतात, आणि त्यांतल्या एका चुकीपायी अमेरिकेतल्या एका कंपनीला फार मोठी रक्कम मोजावी लागली.

सर्वांत आधी टाळायची चूक म्हणजे दुसऱ्याच्या वाक्यातला हा स्वल्पविराम, किंवा त्याचा अभाव, ‘अशुद्ध’ म्हणून लाल शाईने खोडणे. ‘अँडच्या आधी स्वल्पविराम कधीच येत नाही’ हे वाक्य आपल्याकडच्या अनेकांनी शाळेत ऐकलेले असते. मराठीत ‘तांदूळ, डाळ आणि तेल’ असेच लिहायची रीत असल्यामुळे ते मनाला लगेच पटते. उलट, अमेरिकी विद्यापीठात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला तिथे नेमका उलटा आग्रह दिसतो, आणि आपण आजवर चुकीचे लिहीत होतो असे त्याला वाटू लागते. प्रत्यक्षात दोन्ही पद्धती जुन्या आणि प्रतिष्ठित आहेत. भारतीय संविधानाच्या इंग्रजी उद्देशिकेत विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांच्या स्वातंत्र्याची जी यादी आहे, तिच्यात शेवटच्या ‘अँड’आधी स्वल्पविराम नाही. १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातही ‘लाइफ, लिबर्टी अँड द परस्यूट ऑफ हॅपिनेस’ असेच लिहिले आहे. त्याच देशाच्या संविधानाची पाचवी दुरुस्ती मात्र ‘लाइफ, लिबर्टी, ऑर प्रॉपर्टी’ असे लिहिते आणि तिथे ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम आहे. यांपैकी कोणतेही वाक्य व्याकरणदृष्ट्या सदोष आहे असे म्हणता येत नाही.

आजही हीच स्थिती आहे. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस आपल्या पुस्तकांत हा स्वल्पविराम देते, म्हणूनच त्याला ‘ऑक्सफर्ड कॉमा’ हे नाव पडले. शिकागो, एपीए आणि एमएलए या लेखनपद्धती तो देण्यास सांगतात, आणि प्रबंध बहुधा यांपैकीच एका पद्धतीने लिहावा लागतो. वृत्तपत्रांसाठी असलेली असोसिएटेड प्रेसची पद्धत साध्या यादीत तो गाळते. ब्रिटिश वृत्तपत्रेही सामान्यतः तो गाळतात. म्हणून ‘बरोबर काय’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘हा मजकूर कोणासाठी आहे आणि त्यांची पद्धत कोणती’ हे विचारावे. पद्धत ठरलेली नसेल तर लेखकाने स्वतः एक निवडावी आणि ती शेवटच्या पानापर्यंत पाळावी. पहिल्या प्रकरणात स्वल्पविराम आणि तिसऱ्या प्रकरणात तो गायब, ही मात्र खरीखुरी चूक आहे, कारण कोणत्याही पद्धतीत ती बसत नाही. अनेकांनी मिळून लिहिलेल्या अहवालात ती सर्रास आढळते.

यापेक्षा गंभीर चूक वेगळीच आहे. ती म्हणजे पद्धत पाळली की काम झाले असे समजून वाक्याचे दोन अर्थ होतात का हे न तपासणे. अमेरिकेतल्या मेन राज्यातील ओकहर्स्ट डेअरीचा खटला या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे.

आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त काम केल्यास दीडपट दराने मजुरी द्यावी, असा त्या राज्याचा कायदा होता. नाशवंत अन्न, शेतमाल, मांस व मासे यांच्याशी संबंधित काही कामे या नियमातून वगळलेली होती. त्या कामांची यादी अशी होती : ‘कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. डेअरीचे चालक दूध दुकानांपर्यंत पोहोचवत, म्हणजे वितरण करत, पण पॅकिंग करत नसत. त्यांना जादा तासांचे दीडपट पैसे मिळणार की नाही, हे यादीच्या शेवटच्या पाच शब्दांवर अवलंबून होते.

डेअरीचे म्हणणे असे की, ‘पॅकिंग फॉर शिपमेंट’ हे एक काम आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’ हे दुसरे काम. दोन्ही वगळलेली असल्यामुळे चालकांना जादा मजुरी देय नाही. चालकांचे म्हणणे असे की, ‘पॅकिंग’ हे एकच काम असून ते ‘शिपमेंट’साठी असो वा ‘डिस्ट्रिब्यूशन’साठी असो, यादी तिथेच संपते. वितरण हे स्वतंत्र काम म्हणून तिच्यात नाहीच. ‘शिपमेंट’नंतर एक स्वल्पविराम असता तर डेअरीचा अर्थ निर्विवाद ठरला असता.

चालकांनी एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. यादीतल्या प्रत्येक कामाचे नाव ‘इंग’ या प्रत्ययाने संपते, फक्त ‘डिस्ट्रिब्यूशन’ संपत नाही. ते रूपाने ‘शिपमेंट’च्या जोडीचे आहे, ‘कॅनिंग’ किंवा ‘स्टोअरिंग’च्या जोडीचे नाही. डेअरीनेही तितकाच सबळ मुद्दा मांडला. चालकांचा अर्थ घेतला तर यादीतल्या शेवटच्या कामाआधी, म्हणजे ‘पॅकिंग’च्या आधी, कोणतेही उभयान्वयी अव्यय उरत नाही आणि इंग्रजी यादी सहसा अशी संपत नाही. शिवाय मेन राज्याच्या विधेयके लिहिण्याच्या मार्गदर्शिकेतच यादीतल्या शेवटच्या घटकाआधी स्वल्पविराम देऊ नये असे सांगितलेले होते. म्हणजे स्वल्पविराम नसणे ही तिथली अधिकृत पद्धत होती. मात्र एखाद्या घटकाला विशेषण किंवा जोडशब्द लागलेला असेल तर सावध राहावे, असेही तीच मार्गदर्शिका सांगत होती, आणि कायदा लिहिणाऱ्यांकडून नेमके हेच राहून गेले.

खालच्या न्यायालयाने डेअरीच्या बाजूने निकाल दिला. मार्च २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. न्यायालयाने वाक्य ‘चूक’ ठरवले नाही, तर ते द्व्यर्थी ठरवले. मेन राज्यात मजुरीच्या कायद्याचा अर्थ संदिग्ध असेल तर तो कामगारांच्या हिताने लावायचा असतो, म्हणून कौल चालकांना मिळाला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

न्यायालयाच्या निकालानंतर विधिमंडळाने कायद्यातली ती यादी दुरुस्त केली, आणि ती दुरुस्ती आपल्यालाही शिकण्याजोगी आहे. त्यांनी नुसता एक स्वल्पविराम वाढवला नाही. प्रत्येक कामानंतर अर्धविराम दिला, ‘पॅकिंग फॉर शिपमेंट’नंतरही दिला आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’च्या जागी ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ घातले. चिन्ह आणि शब्दरूप अशा दोन्ही अंगांनी शंका मिटवली. करार, निविदा किंवा नियमावली इंग्रजीत लिहिताना हाच मार्ग धरावा, असे माझे ठाम मत आहे. ज्या वाक्यावर पैसे किंवा हक्क अवलंबून आहेत ते एका चिन्हाच्या भरवशावर सोडू नये.

स्वल्पविराम दिला की संदिग्धता आपोआप जाते, हा समजही तितकाच चुकीचा आहे. प्रबंधाच्या ऋणनिर्देशातले एक वाक्य घेऊ : ‘आय थँक माय पेरेंट्स, द प्रिन्सिपल अँड द लायब्रेरियन.’ इथे आईवडीलच प्राचार्य आणि ग्रंथपाल आहेत असाही अर्थ निघू शकतो, कारण इंग्रजीत एखाद्या नामाची ओळख करून देणारे शब्दही स्वल्पविरामानंतरच येतात. ‘प्रिन्सिपल’नंतर स्वल्पविराम दिला की ही शंका मिटते. आता ‘पेरेंट्स’च्या जागी ‘फादर’ घाला आणि स्वल्पविराम तसाच ठेवा : ‘आय थँक माय फादर, द प्रिन्सिपल, अँड द लायब्रेरियन.’ आता दोन स्वल्पविरामांच्या मध्ये अडकलेला ‘प्रिन्सिपल’ हा वडिलांचा परिचय वाटतो, म्हणजे वडीलच प्राचार्य आहेत असे वाचता येते. पहिल्या वाक्यात ज्या चिन्हाने उपकार केला, त्यानेच दुसऱ्यात घोटाळा केला. अशा वेळी चिन्हाशी झटापट न करता क्रम बदलावा. ‘द प्रिन्सिपल, द लायब्रेरियन अँड माय फादर’ असे लिहिले की स्वल्पविराम द्या किंवा देऊ नका, माणसे तीनच राहतात.

तपासण्याची रीत सोपी आहे. यादीतला पहिला घटक आणि पुढचे घटक यांच्यामध्ये मनात ‘म्हणजे’ घालून पाहावे. ‘आईवडील, म्हणजे प्राचार्य आणि ग्रंथपाल’ असे वाचता येत असेल तर वाक्य बदलण्याची गरज आहे. ‘तांदूळ, म्हणजे डाळ आणि तेल’ असे कोणी वाचणार नाही, म्हणून तिथे कोणतीही पद्धत निर्धोक आहे. दुसरी तपासणी शेवटच्या दोन घटकांची करावी. त्यांतल्या पहिल्याला लागलेला शब्द दुसऱ्यालाही लागू पडतो का, हे पाहावे. ‘पॅकिंग फॉर’ हे शब्द दोघांनाही लागू पडत होते, म्हणूनच ओकहर्स्टचा प्रश्न उभा राहिला.

यादीतच एखादी जोडी असेल तर स्वल्पविराम गाळणाऱ्या पद्धतीसुद्धा तो द्यायला सांगतात. ‘उपमा, पोहे, ब्रेड अँड बटर अँड टी’ असे लिहिल्यास वाचक दोन ‘अँड’मध्ये अडखळतो, म्हणून ‘बटर’नंतर तो द्यावा. मात्र दोनच वस्तू असतील तर देऊ नये. ‘राइस, अँड ऑइल’ हे कोणत्याही पद्धतीत बसत नाही. ‘शी रेड द फाइल, अँड ही साइन्ड द लेटर’ यातला स्वल्पविराम दोन स्वतंत्र वाक्ये जोडणारा आहे. त्याचा यादीशी संबंध नाही, म्हणून यादीची पद्धत तिथे लावून तो खोडू नये.

दुसऱ्याचा मजकूर उद्धृत करताना, कायद्याचे कलम देताना किंवा नोंदणीकृत नाव लिहिताना आपली पद्धत बाजूला ठेवून मूळ चिन्हे जशीच्या तशी ठेवावीत. संविधानाच्या उद्देशिकेत ‘फेथ’नंतर स्वल्पविराम घालणे म्हणजे उद्धरण बदलणे होय.

काही जणांना वर्डमध्ये यादीखाली रेघ दिसते आणि त्यावरून ते आपले वाक्य अशुद्ध समजतात. ती रेघ व्याकरणाचा निकाल देत नाही. ती फक्त तिथल्या निवडीनुसार येते. File मधून Options, तिथून Proofing आणि मग Settings उघडले की व्याकरणाच्या यादीत Oxford comma नावाची नोंद सापडते. आपण निवडलेल्या पद्धतीप्रमाणे ती चालू किंवा बंद करावी, म्हणजे नको तिथे रेघ दिसणार नाही.