‘बदल’ लिहिलं आणि एकवीस वर्षांचं दुकान कागदावर तीन आठवड्यांचं झालं

आमचं भांड्यांचं दुकान रविवार कारंज्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. 2003 मध्ये वडील, म्हणजे आमचे तात्या, आणि काकांनी भागीदारीत ते सुरू केलं. दुकानाच्या नावात सप्तशृंगी आहे. नाशिकमध्ये हा शब्द इंग्रजीत लिहायच्या निदान चार तऱ्हा सापडतात, आणि आमचा सगळा घोळ तिथूनच झाला. भागीदारी पत्र, पॅन, जीएसटी, बँक, सगळीकडे Saptashrungi आहे. एका कार्यालयातल्या दुकानाच्या नोंदीत मात्र Saptashringi. एका अक्षराचा फरक, आणि एकवीस वर्षं तो कोणाच्या नजरेला आला नाही. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवायला गेलो तेव्हा बँकेने दोन्ही कागद शेजारी ठेवले.

मी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. विषय होता: ‘दुकानाचे नाव बदलून मिळणेबाबत’. याच एका शब्दाने माझे चार महिने घेतले, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

सरकारी दप्तरात ‘बदल’ आणि ‘दुरुस्ती’ ही दोन वेगळी कामं आहेत. बदल म्हणजे कालपर्यंत नाव एक होतं, आजपासून दुसरं आहे. दुरुस्ती म्हणजे नाव पहिल्यापासून एकच होतं, नोंद लिहिताना ते चुकलं. बदलाला लागू होण्याचा दिनांक असतो. दुरुस्ती मूळ नोंदीच्या दिनांकाला जाऊन बसते. मी बदल मागितला, सोबत भागीदारांची संमती मागितली तीही जोडली, आणि तीन आठवड्यांत नवी प्रत मिळाली. नाव बरोबर होतं, पेढे वाटायचेच बाकी होते.

बँकेतल्या साहेबांनी नावाकडे पाहिलंच नाही. त्यांनी खालच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे या नावाने नोंद लागू झाल्याचा दिनांक होता, त्याच महिन्यातला. ‘या नावाचा धंदा तीन आठवड्यांचा दिसतोय. मागच्या वर्षांची विक्री कुठल्या फर्मची धरू?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत कार्यालयात गेलो तर टेबलावरच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही बदल मागितला, आम्ही बदल केला.’ त्यांचं काही चुकलं नव्हतं. अर्जावर सही माझी होती.

माझे मामा एका सरकारी खात्यातून लिपिक म्हणून निवृत्त झाले. पहिला अर्ज त्यांना दाखवला असता तर ही वेळ आली नसती. अर्ज तपासून घ्यायचा असेल तर ज्याने अशा अर्जांवर टिप्पणी लिहिली आहे अशा माणसाला शोधा. बाहेर टेबल टाकून बसलेला एजंट शोधू नका. माझं हे मत पक्कं आहे. एजंटाकडे ठरलेला मजकूर असतो, त्यात तो फक्त तुमचं नाव भरतो, आणि त्या मजकुरात हमखास ‘बदल’ असतो, कारण त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना बदलच हवा असतो.

मामांनी पहिला प्रश्न विचारला: ‘2003 च्या फॉर्मवर तात्यांनी काय लिहिलं होतं?’ घरी त्याची प्रत नव्हती. ते म्हणाले, ‘मग आधी ती काढ. चूक कुठे झाली हे कळल्याशिवाय दुरुस्ती कसली मागतोस?’

मूळ अर्जाची प्रत माहितीच्या अधिकारात मिळते. 2005 च्या कायद्याखाली साधा अर्ज, त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराची मुदत 30 दिवस, आणि प्रतीसाठी पानाला 2 रुपये. मी ‘नोंदणी क्रमांक अमुक, या नोंदीसाठी सादर झालेल्या मूळ अर्जाची व सहपत्रांची प्रमाणित प्रत’ एवढंच मागितलं. ‘चूक का झाली’ असं विचारू नका. या अर्जावर दप्तरात असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. तीन पानं आली. पहिल्याच पानावर तात्यांचं ठसठशीत अक्षर, प्रत्येक चौकटीत एक अक्षर, आणि त्यात u स्पष्ट. म्हणजे फॉर्म बरोबर होता, नोंद उतरवताना अक्षर फिरलं होतं.

तुमच्या फॉर्मवरच चूक निघाली तर घाबरू नका. तसं सरळ लिहा: ‘अर्ज भरताना आमच्याकडून अक्षरलेखनात चूक झाली’. त्यानेही दुरुस्ती मागता येते. पण नाव खरोखरच मध्ये कधी बदललं असेल, नवं भागीदारी पत्र झालं असेल, तर तो बदलच आहे. त्याला दुरुस्ती म्हणणं म्हणजे खोटं लिहून देणं, आणि ते पुढे अंगावर येतं.

दुसऱ्या अर्जाचा विषय मामांनी सांगितला तसा लिहिला:

‘विषय: नोंदणी क्रमांक … मधील आस्थापनेच्या नावातील इंग्रजी अक्षरलेखनाची चूक मूळ नोंदीच्या दिनांकापासून दुरुस्त होणेबाबत, व दिनांक … रोजीची नाव-बदलाची नोंद रद्द होणेबाबत.’

संदर्भात तीन ओळी: मूळ नोंद, माझा आधीचा अर्ज आवक क्रमांकासह, आणि माहिती अधिकारात मिळालेली प्रत. मजकूर अर्ध्या पानाचा. मधोमध छोटा तक्ता केला: चुकीची नोंद Saptashringi, योग्य नोंद Saptashrungi, पुढे आधाराचा कागद. नवव्या अक्षराखाली रेघ मारली, म्हणजे वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही. शेवटी एक वाक्य: ‘फर्मचे नाव, भागीदार व पत्ता यांत स्थापनेपासून कोणताही बदल झालेला नाही.’ हे वाक्य विसरू नका, सगळा अर्ज त्यावर उभा आहे.

पुरावे जोडताना मी आधी आजचं जीएसटी प्रमाणपत्र आणि आधार वर ठेवले होते. मामांनी ते खाली सरकवले. 2003 ला नाव काय होतं हे सिद्ध करायला 2003 चा किंवा त्याआधीचा कागद लागतो. आमच्याकडे भागीदारी पत्र आणि बँकेचं पहिलं पासबुक निघालं. पासबुकाची पानं सुटी झाली होती, तरी पहिल्या पानावरचा शिक्का आणि तारीख वाचता येत होती. तेच सर्वांत वर गेलं. नवे कागद फक्त ‘आजही तेच नाव आहे’ एवढं सांगतात. प्रतींवर स्वतः साक्षांकन केलं आणि स्वयंघोषणापत्र जोडलं. आमच्या कामाला ते चाललं, स्टॅम्प पेपर लागला नाही.

पॅनवरच नाव चुकलं असेल तर आधी पॅन दुरुस्त करा, कारण जीएसटीतलं कायदेशीर नाव पॅनवरून येतं. बाकीच्या नोंदी त्यानंतर.

अर्ज दोन प्रतींत नेला, आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतली. पहिल्या वेळी मी शिक्का घेतला होता पण क्रमांक टाकून घेतला नव्हता, आणि तो नंतर रजिस्टरमध्ये शोधायला अर्धा दिवस गेला. महिनाभराने त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन चार ओळींचं स्मरणपत्र दिलं. त्यात नवीन मुद्दा घालू नका, नाहीतर तो नवा अर्ज समजून फाइल वेगळ्या टेबलाला जाते. पाचव्या आठवड्यात बोलावणं आलं, मूळ कागद पाहिले, आणि दहा दिवसांनी प्रत मिळाली.

या वेळी काउंटरवरून हललो नाही. नाव वाचलं, मग खालचा दिनांक वाचला. 2003. तिथूनच तात्यांना फोन लावला.