१२.५ की १२५?

वाशीच्या दवाखान्यात मॅडमच्या हस्ताक्षरातल्या केसपेपरांचे फोटो काढून सॉफ्टवेअरकडून टाइप करून घेण्याचं काम माझ्याकडे आहे. एका कागदावर लेव्होथायरॉक्सिन हे थायरॉइडचं औषध १२.५ मायक्रोग्रॅम होतं. फोटोत सावलीमुळे टिंब बुजलं आणि सॉफ्टवेअरने बेधडक १२५ लिहिलं. दोन्ही मात्रा खऱ्या असतात, म्हणून वाचताना मला खटकलंच नाही. मॅडमनी पकडलं, तेव्हा पोटात गोळा आला.

आता कागद खिडकीपाशी ठेवून दोन फोटो काढते आणि दोन्ही वेगवेगळे वाचून घेते. फरक दिसला की ‘[? १२.५ / १२५]’ अशी खूण. पण दोन्ही वाचनं सारखीच चुकू शकतात, म्हणून औषधाचं नाव आणि मात्रा जुळली तरी ती पिवळ्या रंगातच ठेवते, शेजारी त्या ओळीचा फोटो लावून. पिवळा रंग फक्त मॅडम तपासून काढतात.