परदेशी ग्रुप लीडर आणि हॉटेल मॅनेजर यांच्यात दुभाष्याचं काम कसं करावं

अजिंठ्यासाठी येणारे बरेच परदेशी ग्रुप जळगावला रेल्वेने उतरतात आणि तिथेच मुक्काम करतात. खोल्या आणि जेवणाचं बोलणं बहुतेक वेळा काउंटरवर उभ्याउभ्याच होतं. ‘दोन्ही भाषा आल्या की झालं’ असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो ऐकू नका. भांडणं होतात ती दोघांनी न बोलता गृहीत धरलेल्या गोष्टींवरून.

आधी दोघांना बसवा आणि सांगा, ‘इथे जे बोललं जाईल ते सगळं मी समोरच्याला सांगणार.’ मॅनेजर वेटरांच्या कॅप्टनशी अहिराणीत बोलेल, तेही त्यात आलं. लीडरला वगळून तुमच्याशी कुजबुजत काही ठरवू देऊ नका. एकदा संशय आला की पुढचा प्रत्येक शब्द तो तपासून घेतो.

खोल्यांचं बोलणं पलंगांवर आणा. समजा २२ प्रवासी आणि १ लीडर आहेत. ७ जोडपी, ४ मैत्रिणी दोघी-दोघी, ४ जण एकेकटे आणि लीडर वेगळा, म्हणजे १४ खोल्या. मॅनेजर म्हणतो, ‘चौदा डबल तयार आहेत.’ त्याच्या लेखी दोन माणसांची खोली ती डबल. लीडरला मात्र मैत्रिणींसाठी दोन सुटे पलंग हवेत. म्हणून लीडरकडून हा प्रश्न विचारून घ्या: एकच मोठा पलंग असलेल्या खोल्या किती आणि सुटे पलंग असलेल्या किती? सुटे पलंग जोडून जोडप्याला चालतात, पण मोठा पलंग तोडता येत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी तळमजला किंवा लिफ्टजवळची खोली हवी असेल, तर तेही इथेच ठरू द्या.

खरी कसोटी जेवणाची. हॉटेलच्या प्लॅनमध्ये सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, हे सहसा दोघांनाही ठाऊक असतं. गुंता एमएपी प्लॅनमध्ये होतो. त्यात नाश्ता आणि एक मुख्य जेवण असतं. युरोपातला लीडर त्यालाच हाफ बोर्ड म्हणतो. दोघेही मान डोलावतात, पण ते एक जेवण कोणतं, हे कोणीच बोललेलं नसतं. मॅनेजरने रात्रीचं धरलेलं असतं. वरचाच ग्रुप दोन रात्रींसाठी घ्या. गाडी रात्री अकराला येणार, म्हणजे पहिल्या रात्री कोणी जेवणार नाही. दुसऱ्या दिवशी अजिंठा, म्हणजे दुपारी हॉटेलात कोणी नाही. लीडरच्या मते दुपारचा डबा प्लॅनमध्येच आहे. मॅनेजरच्या मते पहिल्या रात्रीचं जेवण फुकट गेलं आणि डब्याचे पैसे वेगळे.

अशा वेळी प्लॅनचं नाव बाजूला ठेवायला सांगा आणि कागदावर दिवस आणि वेळा मांडा. दोन रात्रींच्या एमएपीत माणशी चार खाणी बसतात, २३ जणांची ९२ ताटं. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या दिवशी नाश्ता, डबा आणि रात्रीचं जेवण. तिसऱ्या दिवशी नाश्ता. चारच झाली. आकडा समोर दिसला की पहिल्या रात्रीच्या जेवणाऐवजी डबा द्यायचा का, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्यावर मॅनेजर मोकळेपणाने बोलतो. हो किंवा नाही तो म्हणेल, तुम्ही म्हणू नका. ‘चालेल, देतील ते’ असं दुभाष्याने परस्पर सांगणं मला अजिबात मान्य नाही. किचन तुमच्या हातात नाही.

मॅनेजर ‘हुई जाई, काळजी नका करू’ म्हणाला, तर तेच शब्द पोचवा, पण सोबत लीडरला सांगा की वेळ आणि आकडा विचारा. अजिंठा साधारण ६० किलोमीटर आहे, शिवाय फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी सोडून शटल बस धरावी लागते. साडेसातला निघायचं तर नाश्ता साडेसहाला हवा, आणि त्या वेळी किचन सुरू असतं का, हे मॅनेजरनेच सांगायला हवं. मुक्कामाचा दुसरा दिवस सोमवार असेल तर हे सगळं वाया जातं, कारण सोमवारी लेणी बंद असतात.

शेंगदाण्याची ॲलर्जी मात्र कधीही घाईत उरकू नका. आपल्याकडे भाजीत कूट असतो, भरितात दाणे असतात, आणि फोडणी शेंगदाणा तेलाची असू शकते. ‘थोडंच टाकतो’ हे उत्तर आलं तर ‘थोडंच’ असंच सांगा. ते ‘नाही’ म्हणून पोचवलं तर माणूस दवाखान्यात जाऊ शकतो. तेल कोणतं, कढई वेगळी ठेवता येईल का, हे आचाऱ्याला समोर बोलावून विचारायचा आग्रह धरा. व्हेज म्हटल्यावर अंडं, दूध आणि तूप चालतं का, हेही माणसागणिक विचारून घ्या.

भाव माणशी की खोलीमागे, टॅक्स धरून की वेगळा, ड्रायव्हरचं जेवण आणि झोपण्याची सोय कोणाकडे, हे त्याच कागदावर उतरवा. मग सगळा कागद दोन्ही भाषांत मोठ्याने वाचा, दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत थेट किचनमध्ये पाठवा. काउंटरवर राहिलेला कागद सकाळच्या आचाऱ्यापर्यंत पोचत नाही.