फोन अपडेट केल्यावर मेल बंद पडला? खातं काढून टाकण्याआधी हे तपासा

रात्री फोनचं अपडेट बसतं आणि सकाळी मेल ॲपमध्ये एकही नवीन मेल दिसत नाही, किंवा पुन्हा साइन-इन करा अशी सूचना येऊन बसलेली असते. मग बहुतेक जण खातं फोनमधून काढून टाकतात आणि पुन्हा जोडायला जातात. त्यानेही जमलं नाही की पासवर्ड बदलतात. दुरुस्तीच्या क्रमात ही दोन्ही कामं अगदी शेवटी यायला हवीत. ती आधी केली की छोटा बिघाड मोठा होतो, आणि मूळ कारण काय होतं हेही कळेनासं होतं.

सांगलीच्या एका कर सल्लागारांच्या बाबतीत हेच झालं. जुलै अखेर, विवरणपत्रांची घाई. अँड्रॉइड फोन अपडेट झाला आणि जीमेलच्या सूचना यायच्या थांबल्या. ॲप उघडून यादी खाली ओढली की मेल यायचे, पण आपणहून काही यायचं नाही. त्यांनी फोनमधून गूगल खातं काढलं. त्या क्षणी आउटबॉक्समध्ये अडकलेला, पीडीएफ जोडलेला एक मेल गेला, कारण तो अजून सर्व्हरवर पोचलाच नव्हता. पुन्हा जोडताना गूगलने दुसरी खातरजमा मागितली. ‘हे तुम्हीच आहात का’ हा प्रश्न एरवी ज्या फोनवर यायचा, त्याच फोनमधून खातं काढलेलं होतं. मोबाइल नंबर खात्याला जोडलेला असल्यामुळे एसएमएसच्या कोडवर निभावलं.

खातं परत आलं, पण सूचना येईनातच. कुणीतरी खातं फोडलं असेल या शंकेने त्यांनी पासवर्ड बदलला. थोड्याच वेळात ऑफिसच्या स्कॅनरवरून कागद मेलवर जायचे बंद झाले आणि संगणकावरचं जुनं मेल सॉफ्टवेअर सारखं पासवर्ड मागू लागलं. ही दोन्ही गूगल जुन्या यंत्रांसाठी आणि सॉफ्टवेअरसाठी वेगळा बनवून देतं त्या १६ अक्षरी ॲप पासवर्डवर चालत होती, आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की गूगल आधीचे सगळे ॲप पासवर्ड रद्द करतं. म्हणजे बिघाड फोनपुरता होता, तो आता ऑफिसभर झाला.

मूळ कारण पाहायला गेलं तर क्षुल्लक होतं. अपडेटनंतर जीमेल ॲपला मागे चालायची परवानगी उरली नव्हती.

आधी ब्राउझर उघडा

फोनच्याच ब्राउझरमध्ये मेलच्या वेबसाइटवर जाऊन साइन-इन करा. नवीन मेल तिथे दिसत असतील तर खातं ठीक आहे, पासवर्ड ठीक आहे, सर्व्हरही चालू आहे. दोष फोन आणि ॲप यांच्यामध्ये कुठेतरी आहे, तेव्हा पासवर्डला हात लावायचं काही कारण नाही. तिथेही साइन-इन होत नसेल, तर अपडेटचा संबंध बहुधा नाही आणि खातं परत मिळवण्याची वाट वेगळी आहे.

त्यानंतर नेमकं काय अडलंय ते बघा. यादी खाली ओढल्यावर मेल येतो का? स्वतःलाच पाठवलेला मेल जातो का? खाली ओढल्यावर येत असेल तर साइन-इन शाबूत आहे आणि फक्त आपोआप आणण्याचं काम थांबलंय. येतो पण जात नाही, असं असेल तर पाठवण्याच्या सर्व्हरची माहिती तपासावी लागते. दोन्ही होत नसेल आणि लाल पट्टी किंवा साइन-इनची सूचना दिसत असेल, तरच बिघाड साइन-इनचा आहे. इतकं पाहिल्यावर पुढची निम्मी खटपट वाचते.

आपोआप येणं थांबलं असेल तर

अँड्रॉइडवर मेलच्या ॲपवर बोट दाबून ॲपची माहिती उघडा आणि Battery मध्ये जा. तिथे Restricted असेल तर ॲप बंद असताना मेल येणार नाही. Optimized करून पाहा. तेवढ्याने नाही भागलं तर Unrestricted करा. डेटा सेव्हर चालू असेल तर मोबाइल डेटावर मागचं काम अडतं, तेव्हा तोही तात्पुरता बंद करून बघा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ नावाची आणखी एक परवानगी असते, तीही पाहून घ्या. मग जीमेलच्या सेटिंगमध्ये आपल्या खात्यावर जाऊन Sync Gmail समोरची खूण तपासा. कर सल्लागारांचा फोन Restricted वरून हलवल्यावर सुरळीत झाला.

आयफोनवर गोष्ट थोडी वेगळी आहे. ॲपलच्या मेल ॲपमध्ये जीमेल ‘पुश’ने येत नाही, ठरावीक वेळाने आणलं जातं. Fetch New Data मध्ये Automatically निवडलेलं असेल, तर फोन चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच मागून मेल आणतो. दिवसभर खिशात असलेल्या फोनवर मेल येत नाही आणि रात्री उशाशी चार्जिंगला लावला की एकदम ढीग येतो, तो यामुळे. तिथे १५ मिनिटं किंवा अर्धा तास निवडा. बॅटरी वाचवणारा Low Power Mode चालू असेल तर तोही मेल आणणं थांबवतो. हे सेटिंग पूर्वी Settings मधल्या Mail खाली सापडायचं. आयओएस १८ पासून आधी Apps मध्ये शिरावं लागतं, म्हणून अपडेटनंतर ‘ते सेटिंगच गायब झालं’ असं अनेकांना वाटतं.

साइन-इनच अडलं असेल तर

फोन एकदा बंद करून चालू करा आणि तारीख-वेळ आपोआप घेण्यावर आहे ना ते बघा. घड्याळ चुकलं की सर्व्हरची ओळख पटवणारं, सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र फोनला मुदतीबाहेरचं वाटतं. मग ॲप स्टोअर किंवा प्ले स्टोअरमधून मेल ॲपचं अपडेट घ्या. नवी प्रणाली आणि जुनं ॲप ही जोडी अपडेटनंतर काही दिवस फोनमध्ये राहून जाते.

अँड्रॉइडवर साइन-इनचं पान कोरं दिसत असेल किंवा उघडताच ॲप बंद पडत असेल, तर प्ले स्टोअरमध्ये Android System WebView शोधून तेही अपडेट करा आणि सोबत क्रोमही. ॲपच्या आत वेबपान दाखवण्याचं काम हा घटक करतो. मार्च २०२१ मध्ये याच घटकाच्या एका सदोष अपडेटमुळे जीमेलसह कितीतरी ॲप जगभर बंद पडत होती, आणि वेबव्ह्यू व क्रोमच्या नव्या आवृत्त्या आल्यावर ती सुधारली. त्या दिवशी खाती काढून जोडत बसलेल्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

यानंतर सूचनेवर बोट ठेवून साइन-इन करा. खातं न काढता, आहे त्याच खात्यात. जीमेल किंवा आउटलुकचं खातं असेल तर त्या कंपनीचं स्वतःचं साइन-इनचं पान उघडायला हवं. नुसती पासवर्डची चौकट येत असेल, तर ते खातं कधीकाळी जुन्या पद्धतीने, ‘इतर’ म्हणून जोडलेलं असण्याची शक्यता मोठी. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डची सोय मे २०२२ च्या अखेरीस बंद करायला घेतली, आणि मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये. अशा चौकटीत बरोबर पासवर्ड टाकला तरी तो चूकच ठरतो. पुन्हापुन्हा टाकत राहू नका, त्याने खातं तात्पुरतं कुलूपबंद होऊ शकतं. अशा वेळी मात्र खातं काढून योग्य नावाखाली जोडणं हाच उपाय आहे.

स्वतःच्या डोमेनचा मेल असेल तर

दुकानाच्या किंवा ऑफिसच्या नावाचा मेल छोट्या होस्टिंगवर असेल, तर अपडेटनंतर ‘सर्व्हरची ओळख पटत नाही’ असा इशारा येऊ शकतो. फोनच्या नव्या प्रणाली सुरक्षेचे नियम कडक करत जातात. आयओएस १३ ने २०१९ मध्ये लहान किल्लीची आणि जुन्या सहीची प्रमाणपत्रं नाकारायला सुरुवात केली, तेव्हा आदल्या दिवसापर्यंत चालणारे सर्व्हर फोनला अविश्वासू ठरले.

इथे लोक जी चूक करतात तिची मला खरोखर काळजी वाटते. मेल चालू व्हावा म्हणून सुरक्षेच्या यादीत Accept all certificates असलेला पर्याय निवडतात किंवा सुरक्षाच None करतात. मेल चालू होतो, पण रेल्वे स्टेशनच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर मध्ये बसलेल्या कुणालाही आपला पासवर्ड मिळू शकतो. त्याऐवजी होस्टिंगवाल्यांना फोन करून प्रमाणपत्र कोणत्या नावावर आहे ते विचारा. पुष्कळदा ते mail ने सुरू होणाऱ्या आपल्या पत्त्यावर नसून होस्टिंगच्या सर्व्हरच्या नावावर असतं, आणि मेलच्या सेटिंगमध्ये तेच नाव टाकलं की इशारा जातो. पोर्ट सहसा असे असतात, IMAP मेल आणण्यासाठी आणि SMTP पाठवण्यासाठी:

```
IMAP  993  SSL/TLS
SMTP  465  SSL/TLS
SMTP  587  STARTTLS
```

मेल येतो पण जात नाही, त्यांनी पाठवण्याच्या सर्व्हरला वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड दिलेला आहे का तेही पाहावं. ती जागा रिकामी राहिलेली बऱ्याचदा आढळते.

आणि खातं काढायचंच ठरलं तर

अँड्रॉइडवर त्याआधी ॲपची कॅशे पुसून बघा. Clear cache ने काही जात नाही. Clear storage मात्र ॲपची सगळी साठवण पुसतं आणि न गेलेले मेल त्यात जातात. म्हणून साठवण पुसण्याआधी किंवा खातं काढण्याआधी आउटबॉक्समधला मजकूर दुसरीकडे उतरवून ठेवा आणि जोडलेल्या फायली जपा.

खातं POP वर आहे की IMAP वर, हे सेटिंगमध्ये बघा. IMAP असेल तर मेल सर्व्हरवर असतात आणि परत येतात. POP असेल आणि मेल उतरवल्यावर सर्व्हरवरून पुसण्याची निवड केलेली असेल, तर फोनमधली प्रत हीच एकमेव प्रत असू शकते. ती खात्याबरोबर जाईल. आधी ब्राउझरमध्ये जाऊन जुने मेल सर्व्हरवर दिसतात याची खात्री करा. खात्यात साठवलेले ओळखीच्यांचे फोन नंबर, कॅलेंडर आणि नोंदीही फोनवरून जातात, तेव्हा त्याही ब्राउझरमध्ये दिसतात का ते पाहा. दुसरी खातरजमा याच फोनवर येत असेल तर गूगल खात्याचे ८ अंकी बॅकअप कोड आधी कागदावर लिहून घ्या.

इतकं करूनही जमलं नाही, तर दोष अपडेटचाच असू शकतो आणि आपण काही करून तो जात नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ आलं तेव्हा आउटलुक डॉट कॉम, ऑफिस ३६५ आणि काही एक्स्चेंज खात्यांवरून मेल जातच नव्हते. सर्व्हरने मेल नाकारला, असा संदेश यायचा. ॲपलने दोष मान्य केला आणि आठवड्याभरातच ११.०.१ मध्ये दुरुस्त केला. तोवर आयफोनवर मायक्रोसॉफ्टचं आउटलुक ॲप वापरणाऱ्यांचं काम अडलं नाही. म्हणून ब्राउझर किंवा दुसरं ॲप वापरत राहा, फोन बनवणाऱ्या कंपनीच्या मदत-पानावर हा बिघाड नोंदलेला आहे का ते शोधा, आणि पुढचं छोटं अपडेट आलं की बसवा.