दोन ईमेलना उत्तर नाही? थकलेल्या बिलाचे शेवटचे स्मरणपत्र असे लिहा

शेवटचे स्मरणपत्र जाते क्लायंटला, पण उद्या ते वकिलासमोर ठेवावे लागेल असे धरूनच लिहावे. मग नाराजीची वाक्ये आपोआप गळतात आणि उरतात त्या तारखा नि आकडे.

उदाहरण घेऊ. मसाल्यांच्या पाकिटांचे डिझाइन, बिल ६०,००० रुपयांचे, १२ मार्चचे, मुदत ११ एप्रिल. २१ एप्रिल आणि १५ मे रोजी ईमेल गेले, उत्तर नाही.

आधी आयकराच्या पोर्टलवर आपले फॉर्म २६एएस उघडा, क्लायंटने तुमच्या नावे कापून भरलेला कर, म्हणजे टीडीएस, त्यात दिसतो. जानेवारी ते मार्चचे टीडीएस विवरणपत्र क्लायंटने ३१ मेपर्यंत भरायचे असते, त्यामुळे जूनमध्ये नोंद दिसू शकते. ६,००० रुपये टीडीएस दिसला, तर तुमचे बिल त्यांच्या हिशेबात चढले आहे. 'बिल मिळालंच नाही' ही सबब संपली. येणे ५४,००० उरते, तेवढेच मागा. नोंद नसेल तर अकाउंट्सला एक फोन करा. कधी कधी बिल खरोखरच कुणाच्या तरी सहीसाठी अडकलेले असते.

मग जुन्याच ईमेलला 'रिप्लाय ऑल' करा, म्हणजे आधीचे दोन्ही ईमेल खाली राहतील. मालक आणि अकाउंट्स दोघांनाही ठेवा, बिल पुन्हा जोडा. विषयात 'अंतिम स्मरणपत्र', बिल क्रमांक आणि रक्कम. मजकूर एवढाच:

'नमस्कार सर, १२ मार्चच्या बिलाचे टीडीएस वजा जाता ५४,००० रुपये येणे आहे. मुदत ११ एप्रिलला संपली. २१ एप्रिल व १५ मेच्या ईमेलना उत्तर मिळालेले नाही. कृपया १६ जूनपर्यंत रक्कम खात्यात जमा करावी. कामाबद्दल काही हरकत असल्यास त्याच तारखेपर्यंत लेखी कळवावी. अन्यथा एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार व्याजासह वसुलीसाठी अर्ज करेन.'

हरकतीचे वाक्य गाळू नका. पैसे मागितल्यावरच 'डिझाइन पसंत नव्हतं' म्हणणारे बरेच भेटतात.

शेवटचे वाक्य मात्र काम घेण्याआधीच लघुउद्योग म्हणून तुमची सरकारी उद्यम नोंदणी झालेली असेल तरच लिहा. या कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढे मुदत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. नोंदणी नसेल तर 'वकिलामार्फत नोटीस पाठवेन' एवढेच लिहा, आणि खरोखर पाठवणार असाल तरच. सोशल मीडियावर नाव जाहीर करण्याची धमकी नकोच, ती तुमच्यावरच उलटते.

ईमेल गेल्यावर व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: 'सर, बिलाबाबत ईमेल केला आहे, कृपया पाहावा.' 'पुढच्या आठवड्यात बघतो' असे उत्तर आले तर तारीख मागा आणि ती ईमेलवर लिहून घ्या. अर्धी रक्कम आली तर पावती देताना बाकीचा आकडा त्यातच लिहा. १७ जूनला काहीच आले नसेल, तर चौथे स्मरणपत्र लिहू नका, अर्ज भरा किंवा नोटीस पाठवा.